बाबांची सोनोग्राफी: प्रोस्टेट ५६ ग्रॅम, शिल्लक लघवी २१० मिली, आता ऑपरेशनच का?

प्रश्न: माझे बाबा ७२ वर्षांचे, देवगडजवळ गावी असतात, मी मुंबईला. गणपतीला आलो तेव्हा कळलं की वर्ष-दीड वर्षापासून लघवीची धार बारीक झालीय, रात्री तीनदा उठतात. सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये प्रोस्टेट ५६ ग्रॅम, ग्रेड २, लघवीआधी ब्लॅडर ६४० मिली, लघवीनंतर शिल्लक २१० मिली, किडन्या दोन्ही नॉर्मल. क्रिएटिनिन १.१. शेजारच्या काकांचं ४० ग्रॅमलाच ऑपरेशन झालं, मग बाबांचं ५६ म्हणजे लगेच करावं लागेल का? आणि २१० शिल्लक म्हणजे धोका आहे का?

उत्तर: मी सिंधुदुर्गात बावीस वर्षं युरॉलॉजीची प्रॅक्टिस करतोय आणि गणपतीच्या आठवड्यात हा रिपोर्ट हातात घेऊन येणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. आधी सरळ सांगतो, तुम्ही लिहिलंय त्यावरून लगेच ऑपरेशनची वेळ आलेली दिसत नाही. ५६ हा आकडा तसा ठरवतच नाही, आणि २१० हा आकडा मला अजून खरा वाटत नाहीये. तो पुन्हा नीट मोजून घ्यायला हवा.

आधी ५६ ग्रॅमचं बघू. सोनोग्राफीत प्रोस्टेट कोणी वजनकाट्यावर ठेवत नाही, लांबी, रुंदी आणि जाडी असे तीन आकडे पडद्यावर मोजतात आणि त्यांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणतात. म्हणजे बाबांचं समजा ४.९ गुणिले ४.६ गुणिले ४.८ सेंटीमीटर आलं असेल तर उत्तर येतं ५६ मिली, आणि प्रोस्टेटचा एक मिली म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम म्हणून ५६ ग्रॅम लिहितात. आता यातली एकच बाजू ४.८ ऐवजी ४.३ धरली गेली, म्हणजे अर्धा सेंटीमीटरचा फरक, तर तेच प्रोस्टेट ५० ग्रॅमचं होतं. पोटावरून बघताना खालची कड पुष्कळदा धूसर दिसते त्यामुळे असा फरक सहज पडतो. म्हणून गेल्या वर्षी ५० होतं यंदा ५६ झालं, वाढतंय वाढतंय, असं घाबरून येणाऱ्यांना मी सांगतो की ही वाढ पेन्सिलीच्या टोकाएवढी चूक पण असू शकते. तरुण माणसाचं प्रोस्टेट साधारण २० ते २५ ग्रॅम असतं, सत्तरीत ४०-५० असणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. ग्रेड २ हे त्याच आकड्याला दिलेलं दुसरं नाव आहे, आजाराची दुसरी पायरी वगैरे काही नाही.

आणि मुख्य म्हणजे साइजचा आणि त्रासाचा मेळ बसतच नाही. मूत्रमार्ग प्रोस्टेटच्या मधून जातो. गाठ बाहेरच्या बाजूला पसरली तर ८० ग्रॅमचा माणूस पण आरामात लघवी करतो, आणि आतल्या बाजूला दाबत गेली तर ३० ग्रॅमवाल्याची धार थेंबावर येते. शेजारच्या काकांचं ४० ला का केलं ते त्यांचा पूर्ण रिपोर्ट बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही, कदाचित लघवी पूर्ण अडली असेल, कदाचित ब्लॅडरमध्ये खडा असेल. ग्रॅम बघून केलं असेल असं वाटत नाही. ग्रॅमचा उपयोग आम्हाला दोनच ठिकाणी होतो, कुठलं औषध चालेल ते ठरवायला, आणि पुढे कधी ऑपरेशन करायचंच ठरलं तर ते कुठल्या पद्धतीने करायचं ते ठरवायला.

साइजपेक्षा मला रिपोर्टात दुसरी एक गोष्ट बघायला आवडते जी पुष्कळदा लिहिलेलीच नसते. प्रोस्टेटचा मधला भाग वर ब्लॅडरमध्ये घुसलाय का, आणि घुसला असेल तर किती मिलिमीटर. भरलेलं ब्लॅडर पडद्यावर काळं दिसतं, आणि त्याच्या तळाशी असा मधला भाग आला असेल तर काळ्यात एक राखाडी गोल उंचवटा दिसतो, अगदी सोललेली सुपारी तळाशी ठेवल्यासारखा. माणूस जोर करायला लागला की ही सुपारी तोंडावर येऊन बसते आणि झाकण लागल्यासारखी वाट बंद करते, म्हणजे जितका जोर तितकी लघवी अडते. हा उंचवटा ५ मिलिमीटरच्या आत असेल तर फार नाही, १० च्या वर गेला की अडथळा असण्याची शक्यता चांगलीच वाढते आणि गोळ्यांचा गुण कमी येतो. पुढच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना एवढं मोजून लिहायला सांगा, पाच मिनिटांचं पण काम नाही ते.

आता २१० कडे येतो, कारण खरी गडबड इथे आहे.

सोनोग्राफीला बोलावताना सांगतात एक लिटर पाणी पिऊन या आणि लघवी धरून ठेवा. बाबा देवगडकडून पहाटेची एसटी धरून आले असतील, सेंटरला गर्दी, आधी गरोदर बायकांचे नंबर, मग यांचा. तोवर ब्लॅडर ६४० वर गेलं. सत्तरीच्या माणसाला एरवी ३०० च्या आसपास जायची भावना होते, आणि इथे ते दुपटीने ताणलं गेलंय. कुठलाही स्नायू प्रमाणाबाहेर ताणला की त्याची आवळायची ताकद जाते, ब्लॅडर पण स्नायूच आहे. मग सांगितलं जातं जा लघवी करून या, बाहेर तीन माणसं दार वाजवतायत, अनोळखी संडास, ओली फरशी, म्हातारा माणूस घाईघाईत अर्धवट करून बाहेर येतो. आणि मग परत नंबर लागेपर्यंत बाकावर बसतो.

या बाकावरच्या वेळाकडे कोणी लक्ष देत नाही. एरवी आपली लघवी मिनिटाला साधारण एक मिलीच्या हिशोबाने तयार होते, पण लिटरभर पाणी पोटात असताना हाच वेग मिनिटाला १० मिली किंवा त्याच्या वर पण जातो. म्हणजे लघवी करून आल्यावर माणूस १५ मिनिटं बसला तर दीडशे मिली नवीन लघवी ब्लॅडरमध्ये येऊन बसली. ती शिल्लक नाही, ती नंतर आलेली. पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला पडद्यावर दोन्ही एकत्रच दिसतात. बाबांच्या २१० मध्ये खरी शिल्लक किती आणि बाकावर जमलेली किती हे आज मलाही सांगता येणार नाही, तुम्ही त्यांना विचारा लघवी करून आल्यावर किती वेळ बसवलं होतं.

एक उदाहरण देतो. गेल्या पावसाळ्यात आचऱ्याकडचे एक आजोबा आले, आयुष्य रापणीवर गेलेलं, हात असे की माझी तपासणीची टेबल हलली. "डॉक्टरानू, धार पायार पडता," एवढंच बोलले. रिपोर्ट तुमच्या बाबांसारखाच, प्रोस्टेट ५२, आधी ६१०, नंतर १९०, आणि मुलगा ऑपरेशनची तारीख घ्यायलाच आलेला. मी त्यांना सांगितलं चार दिवसांनी या, घरून नेहमीसारखा चहा पिऊन या, मुद्दाम पाणी पिऊ नका, इथे येऊन दोन पेले पाणी प्या आणि जेव्हा एरवी घरी उठून जाल तेवढी लागली की मला सांगा. सांगितलं तेव्हा ब्लॅडरमध्ये ३२० मिली होतं. मोजायच्या भांड्यात लघवी करायला दिली, निवांत, दार लावून. २५० मिली झाली. बाहेर आल्या आल्या पडवीत पण बसू न देता टेबलवर घेतलं, शिल्लक ७०. मग त्यांना पुन्हा आत पाठवलं, दोन मिनिटं थांबून परत एकदा करा म्हटलं, आणखी ३० मिली आली. म्हणजे खरी शिल्लक ४० च्या घरात. १९० चे ४० झाले, आणि मधे एकही गोळी दिली नव्हती.

त्यांना ऑपरेशन लागलं नाही. पण एक सांगतो, हे उदाहरण वाचून बाबांचं पण तसंच निघेल असं धरून चालू नका. काहींचं पुन्हा मोजलं तरी २००च येतं, आणि मग तो आकडा मी खरा मानतो.

शिल्लक किती म्हणजे वाईट, याची एकच रेघ कोणी मारून ठेवलेली नाही. माझ्या हिशोबात ५० च्या आत असेल तर चिंता नाही, या वयात १०० पर्यंत पण चालतं, १०० ते २०० असेल तर औषध द्यावं आणि दर थोड्या महिन्यांनी बघत राहावं. ३०० च्या वर आणि ते पण वेगवेगळ्या दिवशी दोनदा, सहा महिने तसंच, तर त्याला लघवी कायमची तुंबलेली म्हणतात आणि तिथे मी जास्त जपून असतो. सोनोग्राफीचं शिल्लक मोजणं पण तोच लांबी-रुंदी-जाडीचा हिशोब, आणि अर्धवट रिकामं ब्लॅडर काही नीट अंड्यासारखं नसतं, त्यामुळे वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतंच. १२० आणि १४० मध्ये मी फरक करत नाही.

पण धोका खरा कुठे आहे ते बघायचं तर किडनीकडे बघायचं. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही किडन्या नॉर्मल आणि क्रिएटिनिन १.१ आहे हे मला सगळ्यात जास्त समाधान देणारं आहे, आणि म्हणूनच मी तुम्हाला घाई नाही म्हणतोय. उलटं झालेलं पण बघितलंय. प्रॅक्टिसच्या सुरवातीच्या वर्षांत एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, पायाला सूज, जेवण जात नाही म्हणून. त्याआधी एका ठिकाणी त्यांची सोनोग्राफी झाली होती आणि प्रोस्टेट २८ ग्रॅम बघून प्रोस्टेट ठीक आहे म्हणून घरी पाठवलेलं, लघवीनंतरचं मोजलंच नव्हतं. मी पण पहिल्या भेटीत तो कागद बघून विश्वास ठेवला आणि दुसरीकडेच शोधत बसलो. दुसऱ्या भेटीत त्यांची बायको हळूच म्हणाली की हल्ली झोपेत धोतर ओलं होतं. तेव्हा मी पोटावर हात ठेवला, बेंबीपर्यंत ब्लॅडर घट्ट लागत होतं आणि दाबल्यावर त्यांना दुखत पण नव्हतं. शिल्लक ८०० च्या वर, दोन्ही किडन्या फुगलेल्या, क्रिएटिनिन ४ च्या पुढे. कॅथेटर घातल्यावर हळूहळू क्रिएटिनिन उतरलं पण पूर्ण नॉर्मलला कधी आलं नाही. ते दोन आठवडे मी घालवले नसते तर कदाचित आलं असतं. तेव्हापासून बारीक धारेच्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला मी विचारतो, रात्री झोपेत कपडे ओले होतात का. हा प्रश्न तुम्ही बाबांना विचारा, किंवा आईला विचारा, कारण बाबा लाजेने सांगणार नाहीत. उत्तर हो आलं तर वर मी घाई नाही म्हटलंय ते सोडून द्या आणि त्याच आठवड्यात दाखवा.

धार बारीक असण्याचं दुसरं कारण पण डोक्यात ठेवायला लागतं. तुमच्या घरी विहिरीवर पंप असेलच. बागेत पाइपच्या टोकाला पाणी बारीक येतंय, तर पाइप कुठेतरी दबलाय किंवा पंपच ओढत नाहीये, टोकाकडे बघून दोन्ही सारखंच दिसतं. प्रोस्टेट म्हणजे दबलेला पाइप, ब्लॅडर म्हणजे पंप. बरीच वर्षं डायबेटिस असलेल्या माणसात पंप कमजोर होतो आणि मग प्रोस्टेट कितीही कोरून काढलं तरी धार सुधारत नाही. सोनोग्राफीत पाइप दिसतो, पंपाची ताकद दिसत नाही. ब्लॅडरची भिंत जाड आणि सुरकुतलेली असेल तर तो पंप बरीच वर्षं अडथळ्याशी झगडतोय एवढं कळतं. युरोफ्लो म्हणजे मशीनमध्ये लघवी करून धारेचा वेग मोजायची तपासणी असते, किमान १५० मिली लघवी झाली तरच ती धरायची, सेकंदाला १५ मिलीच्या वर वेग असेल तर चांगला, १० च्या खाली असेल तर कमी. ती करून घ्या, पण ती सुद्धा पाइप की पंप हे सांगत नाही. डायबेटिस असेल, पॅरालिसिसचा झटका येऊन गेला असेल किंवा शिल्लक फार असेल तरच आम्ही ब्लॅडरमधलं प्रेशर मोजायच्या तपासणीला पाठवतो, सगळ्यांना लागत नाही.

बाबांची सगळी औषधं एका पिशवीत घालून नीट वाचा. आपल्याकडे पावसाळ्यात सर्दी झाली की मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून खातात, त्यातलं सर्दी सुकवणारं औषध प्रोस्टेटच्या तोंडाचा स्नायू आवळतं आणि ज्याने झोप येते ते ब्लॅडरला सुस्त करतं. लघवी पूर्ण अडून रात्री येणाऱ्यांमध्ये मी हमखास विचारतो, गेल्या दोन दिवसांत सर्दीची गोळी घेतली का. झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन पण तेच करते. आणि पोट साफ होत नसेल तर ते आधी बघा, आतडं गच्च भरलेलं असेल तर ब्लॅडर रिकामं होत नाही.

पुढचं असं करा. आठवडाभरात त्यांची शिल्लक लघवी वर सांगितलं तशी पुन्हा मोजा, म्हणजे साधारण लागली की, निवांत करून, आणि बाहेर आल्यावर पाच मिनिटांच्या आत. सोबत लघवीची साधी तपासणी आणि शुगर. डॉक्टर बोटाने प्रोस्टेट तपासतील, ते करू द्या, कारण पोटावरच्या सोनोग्राफीत कॅन्सर आहे की नाही ते कळत नाही आणि ५६ ग्रॅम म्हणजे कॅन्सर असं पण नाही. पीएसए रक्ततपासणी करायची का ते त्यांच्याशी बोलून ठरवा, लघवीला इन्फेक्शन असताना किंवा नुकताच कॅथेटर घातलेला असताना मात्र करू नका, उगाच वाढलेली येते. आणि घरी तीन दिवस एक वही ठेवा, जुन्या प्लास्टिकच्या मापात लघवी मोजायची, वेळ आणि मिली लिहायचं. रात्रीची लघवी चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली तर रात्री उठणं हे प्रोस्टेटचं नसून पायावरच्या सुजेचं, हृदयाचं किंवा उशिरा प्यायलेल्या चहा-ताकाचं असतं, आणि प्रोस्टेटच्या गोळीने ते जात नाही.

शिल्लक पुन्हा १०० ते २०० मध्ये आली आणि त्रास होत असेल तर साधारणपणे टॅमसुलोसिन ०.४ रात्री जेवणानंतर सुरू करतात. ही गोळी प्रोस्टेट लहान करत नाही, तोंडाचा स्नायू सैल करते, आठवड्या-दोन आठवड्यांत धारेत फरक कळतो. पण तिने उठल्यावर चक्कर येऊ शकते आणि याचं मला आपल्याकडे जास्त भय वाटतं, कारण अजून कितीतरी घरांत संडास मागच्या दारी आहे, रात्री पावसात खळ्यातून टॉर्च घेऊन शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या उतरायच्या आणि तिथे चक्कर आली की खुब्याचं हाड गेलं. गोळी सुरू केल्यावर निदान पहिले काही दिवस खाटेजवळ भांडं ठेवा, उठताना मिनिटभर कडेला बसून मग उठायचं. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ही गोळी चालू आहे किंवा आधी घेतली होती हे आधीच सांगायचं, त्यांना तयारी वेगळी करावी लागते. ५६ ग्रॅम असल्यामुळे ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड पण जोडता येतं, लहान प्रोस्टेटला त्याचा उपयोग नसतो. ते प्रोस्टेट खरोखर आकसवतं, पण सहा महिने लागतात, साधारण पाव हिस्सा कमी होतो, आणि पीएसए निम्म्यावर येतो, म्हणून ती गोळी चालू असताना पीएसएचा आकडा दुप्पट करून वाचायचा.

ऑपरेशनचं नाव मी केव्हा काढतो ते पण सांगतो. लघवी पूर्ण अडून कॅथेटर घातला आणि गोळीवर ठेवून काढल्यावर परत अडली, ब्लॅडरमध्ये खडा झाला, इन्फेक्शन पुन्हापुन्हा होतंय, प्रोस्टेटमधून रक्त जातंय आणि थांबत नाही, किंवा अडथळ्याने किडनीवर आलं. यातलं काही नसेल तर गोळ्या घेऊनही त्रास किती राहिलाय यावर बाबांनी स्वतः ठरवायचं. ५६ ग्रॅमला दुर्बिणीतून कोरून काढायचं नेहमीचं ऑपरेशन व्यवस्थित होतं, तिथे साइजची काही अडचण नाही.

तुम्ही मुंबईला परत जायच्या आधी आई-बाबांना दोघांना एक गोष्ट मात्र बसून सांगा. एखाद्या रात्री लघवी लागलीय, ओटीपोट फुगलंय, कळ येतेय आणि थेंब पण उतरत नाही, किंवा थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही आणि तुम्हाला फोन करून मुंबईहून येण्याची पण नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जायचं, कॅथेटर घातला की पाच मिनिटांत आराम पडतो, पुढचं दुसऱ्या दिवशी बघता येतं. रात्री गाडी कोण काढेल ते आत्ताच वाडीतल्या कुणाशी तरी बोलून ठेवा आणि त्याचा नंबर फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा.